दहा बिलांत तीन सिग्माची घंटा कधीच वाजत नाही

"शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या अकाउंट्सला आहे. महिन्याला साडेतीनशे-चारशे खरेदी बिलं येतात. पार्टीवार सरासरी काढून त्यात तीन स्टँडर्ड डिव्हिएशन मिळवायचे आणि त्यापुढचं बिल लाल करायचं, असं शीट केलंय. तरी ट्रान्सपोर्टचं ४१,८०० चं बिल ४,१८,००० असं पडलं आणि लाल झालंच नाही. तीनाऐवजी दोन करू का?"

दोन करू नका. चूक तुमच्या फॉर्म्युल्यात नाही, पद्धतीतच आहे, आणि ती आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही.

समजा त्या ट्रान्सपोर्टवाल्याची चाकणच्या फेऱ्यांची दहा बिलं आहेत: ४२,५००, ३९,८००, ४४,२००, ४१,०००, ४६,३००, ४३,१००, ४०,६००, ४५,०००, ४३,९०० आणि दहावं ते शून्य वाढलेलं ४,१८,०००. पहिल्या नऊची सरासरी ४३ हजारांच्या आत आहे. दहावं घातलं की सरासरी उडी मारून ८०,४४० होते आणि स्टँडर्ड डिव्हिएशन १,१८,६०० च्या आसपास जातं. आता तुमची मर्यादा काढा: जवळपास ४,३६,०००. म्हणजे चोरानंच कुंपण उंच केलं आणि आपण त्याच कुंपणावरून त्याला मोजतोय.

अजून एक शून्य वाढून ४१,८०,००० पडलं असतं तरी ते सुटलं असतं. बिलं n असतील तर कुठलंही एक बिल सरासरीपासून जास्तीत जास्त (n-1)/√n इतकेच स्टँडर्ड डिव्हिएशन लांब जाऊ शकतं. दहा बिलांना हा आकडा २.८५ येतो. म्हणजे दहा बिलांच्या पार्टीला तीनची मर्यादा लावून तुम्ही घंटा बांधलीत, पण आतला लोलक काढून ठेवलात. दोन केलं तर हे एक बिल सापडेल, मान्य. पण त्याच दहात तशीच दोन बिलं चुकली, तर दोन्हीचं अंतर १.९ च्या आसपास येतं आणि दोन्ही निसटतात. एकच ऑपरेटर एकाच बसण्यात दोन एंट्र्या चुकवतो, हे आपल्याकडे नवीन नाही.

म्हणून मीडियन. शाळेत ज्याला मध्यक म्हणायचे तेच. वरची दहा बिलं चढत्या क्रमानं लावली की मधली दोन ४३,१०० आणि ४३,९००, म्हणून मीडियन ४३,५००. शेवटचं बिल चार लाखांचं असो की चार कोटींचं, हा आकडा हलत नाही. मग प्रत्येक बिल मीडियनपासून किती लांब आहे ते काढा, वजा-अधिक सोडून. ती अंतरं येतात ४००, ४००, ७००, १,०००, १,५००, २,५००, २,८००, २,९००, ३,७०० आणि ३,७४,५००. या अंतरांचा पुन्हा मीडियन काढला की २,०००. याला एमएडी म्हणतात. तो १.४८२६ नं गुणला की नेहमीच्या घंटाकृती डेटात स्टँडर्ड डिव्हिएशनच्या जोडीला येतो, इथं सुमारे २,९६५. त्याच्या साडेतीनपट म्हणजे १०,४०० च्या जरा खाली. ही ३.५ ची मर्यादा इग्लेविच आणि होग्लिन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये सुचवलेली आहे, मी ती तशीच वापरतो. आता चाकणचं बिल साधारण ३३,१०० ते ५३,९०० च्या बाहेर गेलं की लाल. शून्य राहून गेलेलं ४,१८० चं बिलही त्यात सापडतं, आणि विक्रीच्या बिलात तोच खड्डा जास्त महाग पडतो, कारण कमी रकमेबद्दल गिऱ्हाईक फोन करत नाही.

शीटमध्ये B कॉलममध्ये पार्टी आणि C मध्ये जीएसटीआधीची रक्कम आहे असं धरतो. D, E आणि F मध्ये अनुक्रमे हे घाला:

```
=MEDIAN(IF($B$2:$B$5000=B2,$C$2:$C$5000))
=MEDIAN(IF($B$2:$B$5000=B2,ABS($C$2:$C$5000-D2)))
=IF(COUNTIF($B$2:$B$5000,B2)<6,"नवी",IF(ABS(C2-D2)>3.5*MAX(1.4826*E2,0.05*D2),"तपास",""))
```

जुनं एक्सेल असेल तर पहिले दोन `Ctrl+Shift+Enter` दाबून भरा, नाहीतर आकडा येईल पण चुकीचा येईल, आणि ते लवकर कळत नाही. डेटा एका महिन्याचा नको, मागच्या बारा महिन्यांचा घ्या. क्रेडिट नोटा आधी बाजूला काढा.

तिसऱ्या ओळीतला `0.05*D2` उगाच नाही. गोडाऊनचं भाडं दर महिन्याला १२,००० च असेल तर एमएडी शून्य येतो आणि मग एक रुपयाचा फरकही लाल होतो. म्हणून मीडियनच्या ५ टक्क्यांचा तळ ठेवलाय. त्याची दुसरी बाजू अशी की साडेतीनपट केल्यावर ती सूट साडेसतरा टक्के होते, म्हणजे भाडं १२,००० चं १३,००० झालं तर शीट गप्प बसेल. ठरलेल्या रकमेच्या पार्ट्या वेगळ्या काढा आणि त्यांना सरळ "ठरल्याएवढं आहे का" एवढंच विचारा. तिथं मीडियनचं काम नाही. आणि सहापेक्षा कमी बिलं असलेल्या नव्या पार्टीला सरळ रकमेची मर्यादा. आमच्याकडे पन्नास हजार आहे, तुमची तुम्ही ठरवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पार्टीच्या नावावर गट केल्यामुळं. तोच ट्रान्सपोर्टवाला चाकणलाही जातो आणि शिरोलीहून गोकुळ शिरगावलाही टेंपो पाठवतो. दोन-दोन हजारांची लोकल बिलं आणि चाळीस हजारांची लांबची बिलं एकत्र आली की मीडियन जिकडं बिलं जास्त तिकडं पडतो आणि दुसरी सगळी लाल होतात. निम्मी-निम्मी असली तर उलट होतं: एमएडी इतका फुगतो की जवळपास काहीच लाल होत नाही. शीटमध्ये अचानक सगळं लाल दिसलं किंवा काहीच लाल दिसलं नाही तर आधी हा संशय घ्या. बी कॉलममध्ये नुसती पार्टी न लिहिता "पार्टी-चाकण", "पार्टी-लोकल" असं लिहिलं की सुटतं.

लाल म्हणजे चूक नव्हे, हेही शीट उघडणाऱ्याला सांगून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि गाड्या कित्येक दिवस अडकून राहिल्या. त्या महिन्यातली आमची ट्रान्सपोर्टची झाडून सगळी बिलं लाल झाली, हॉल्टिंग लागलं होतं म्हणून. बरोबरच होती. आम्ही एक शेरा कॉलम ठेवलाय, त्यात "पूर, हॉल्टिंग" लिहून सोडून दिलं. मीडियन असल्यामुळं त्या चार बिलांनी पुढच्या महिन्यांची मर्यादा बिघडवली नाही, ती काढून टाकायची गरज पडली नाही.

जे यात सापडत नाही तेही सांगतो, कारण मी त्यात पोळलोय. एका मशिनिंगच्या जॉबवर्कवाल्याची बिलं एक लाख पाच हजार ते एक लाख चाळीस हजारांत यायची. एका महिन्यात २,००० नगांचं १,३६,००० चं आलं. शीट गप्प, मीही गप्प. तीन महिन्यांनी कळलं की नगाला ठरलेला दर ६२ होता आणि बिल ६८ नं लागत होतं. त्या एका बिलात बारा हजार जादा. रक्कम बघत बसलो म्हणून सुटलं. त्याच सुमारास दुसऱ्या पार्टीचं नेहमीच्या दुप्पट बिल लाल झालं होतं, मी फोन करून त्याचा जीव खाल्ला, आणि निघालं काय तर मालच दुप्पट गेला होता. तेव्हापासून जॉबवर्क आणि कच्च्या मालाच्या बिलांना रक्कम भागिले नग किंवा किलो असा दराचा कॉलम आधी, आणि त्याची गाठ थेट पीओच्या दराशी. रकमेवर मीडियन फक्त शून्य वाढल्या-राहिल्याच्या चुकांसाठी.

तुमच्या चारशे बिलांत महिन्याला दहा-पंधरा लाल आली तर माणूस बसून बघतो. पन्नास यायला लागली तर ३.५ वाढवण्याआधी ते पार्टीचे गट नीट पाडलेत का बघा.