गॅसच्या बटणांवरची अक्षरं न पुसता चिकटपणा कसा काढावा

«शेगडीच्या बटणांवर पिवळट चिकट थर बसलाय, लायटरही हाताला चिकटतो. घासलं की ऑफ, सिमची अक्षरं फिकी होतायत. कुणी खात्रीचा उपाय सांगेल का?»

ताई, घासणं आजच थांबवा. चार वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. दिवाळीचा फराळ तळून झाला होता, बटणं पिवळी पडली होती. साबणाने थर हलेना म्हणून कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं आणि एकदाच फिरवलं. कापसावर रंग उतरला, ती त्या अक्षरांची शाई होती. बटणाचं प्लास्टिकही खरबरीत झालं, त्यावर पुढे थर आणखी पटकन धरू लागला.

अक्षरं गेली तर काय बिघडलं, असं तेव्हा मलाही वाटलं. पण आमच्या शेगडीचं बटण ऑफवरून फिरवलं की आधी मोठी ज्योत येते आणि त्याच दिशेने पुढे गेलं की सिम. म्हणजे मोठ्या ज्योतीवरून एका बाजूला बंद, दुसऱ्या बाजूला सिम. सासूबाईंनी दूध तापल्यावर बंद करायला म्हणून बटण फिरवलं, ते गेलं सिमवर. खिडकीच्या उजेडात बारीक निळी ज्योत दिसली नाही. दूध उतू जाऊन ती विझली आणि गॅस तसाच येत राहिला. वास आला म्हणून कळलं. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, विजेच्या बटणाला हात लावला नाही. (गळती वाटली तर १९०६ हा गॅसचा तातडीचा नंबर ध्यानात ठेवा.)

त्यानंतर नवीन बटणांसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा बिल आणा, मग मॉडेलचा नंबर आणा, शेवटी ‘ते मॉडेल बंद झालंय, शेगडीच बदला’. चार बटणांसाठी अख्खी शेगडी? अजून राग येतो. शेवटी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात जुनं बटण दाखवून मिळती घेतली. मागचं अर्धगोल भोक आणि खोली दोन्ही जुळवून बघा. खोली कमी-जास्त असली तर बटण नीट दाबलं जात नाही.

आता उपाय. हा थर म्हणजे फोडणीच्या वाफेतलं तेल, हवा लागून घट्ट झालेलं, त्यात धूळ आणि मसाला. आपल्याकडे कटाच्या रश्श्याला तेल सढळ पडतं, त्यामुळे तो लवकर साचतो. तो घासून काढायचा नाही, मऊ करून पुसायचा. रेग्युलेटर बंद, शेगडी गार. बटणं सरळ ओढून काढा. त्यावर बोटाने थोडं खोबरेल चोळा आणि वीसेक मिनिटं तसंच ठेवा. सुटं तेल घट्ट तेलाला सैल करतं. जुन्या सुती कापडाने टिपा. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून बटणं दहा मिनिटं बुडवा. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावं, उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकतं. अक्षरांची बाजू फक्त बोटाने पुसायची. मऊ टूथब्रश कडेच्या खाचांत चालेल, अक्षरांवर नाही.

एका फेरीत सगळं निघालं नाही तर पुन्हा तेल लावा, जोर नको. कापडावर तपकिरी येत असेल तर मळ निघतोय. अक्षरांचा रंग यायला लागला की त्या क्षणी थांबा, उरलेला थर राहू दे. सोडा, लिंबू, तारेची घासणी, सॅनिटायझर, थिनर यांतलं काही छापील अक्षरांवर नको. अक्षरं उठावाची असतील, म्हणजे नखाला लागत असतील, तर थोडं जास्त चालतं.

बटणं आतल्या भोकासकट पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. बटण ज्यावर बसतं त्या दांड्यावर पाणी किंवा फवारा तर अजिबात नको.

लायटर पाण्यात घालायचा नाही. आतला खटका स्फटिकावर आपटून ठिणगी पडते. ओल गेली की ती पडत नाही. टोक खाली धरून साबणपाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. टोकातली काजळी कोरड्या ब्रशने झटका. ठिणगी कमी झाली तर दिवसभर वाळू द्या, फेकायची घाई नको.

मी काही मेकॅनिक नाही, तुमच्या शेगडीचं प्लास्टिक वेगळं असू शकतं, म्हणून आधी एकाच बटणाच्या मागच्या कडेला करून बघा. अक्षरं आधीच फिकी झाली असतील तर बटण ऑफवर असताना वरच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि रात्रभर वाळू द्या. मार्करची खूण तेलाने जाते. आमच्या सासूबाई आता तो ठिपका वर आलाय का ते बघूनच ओट्यापासून हलतात.