पाच ते सहाचं काम आधी लिहून काढा

प्रश्न: "उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. ड्युटी नऊ ते सहा. टिळकवाडीत सीएनसी प्रोग्रॅमिंगचा क्लास लावायचाय, सोमवार-बुधवार-शुक्रवार पावणेसहाला, तीन महिने. साहेबांना कसं विचारू? खानापूरहून येतो."

साहेबांकडे जाऊन नुसतं 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री' म्हणू नका. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न येणार: पाच ते सहा इन्स्पेक्शन कोण बघणार? त्याचं उत्तर तुमच्याकडे आधी तयार हवं.

दोन आठवडे रोज त्या तासात तुमच्याकडे काय काय येतं ते वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी प्लेटिंगहून परत आलेला लॉट आणि डिस्पॅचची सही, एवढंच निघतं. लॉट दुपारी चारपर्यंत मागवता येतो का ते स्टोअरला विचारा. सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला आहे हे बघा, आणि त्या माणसाशी आधी बोलून घ्या. त्याच्या अपरोक्ष त्याचं नाव सुचवलंत तर तो चिडणार, आणि ते बरोबरच आहे.

मागणी अशी ठेवा: या तीन दिवशी आठ ते पाच. तास तेवढेच भरतात. शिवाय तुमची पहिली शिफ्ट सातला सुरू होत असेल, तर नवीन सेटिंगचा पहिला पीस तुमच्या ओके साठी नऊपर्यंत पडून राहतो आणि मशीन उभं असतं. आठला आलात तर त्यातला एक तास वाचतो. साहेबांना हा मुद्दा सगळ्यात आधी सांगा, क्लासचं नंतर. पण खानापूरहून आठच्या आत पोचवणारी गाडी रोज मिळते का, हे आठवडाभर स्वतः येऊन बघा. पहिल्याच आठवड्यात सव्वाआठ झाले की सगळी सवलत गेली समजा.

महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते. शेवटचे दोन दिवस सहापर्यंत थांबतो, असं आपणहून सांगा. बुडलेला धडा दुसऱ्या बॅचला बसून भरता येतो का, ते फी भरण्याआधी क्लासला विचारून ठेवा. साहेबांकडे दहा ते वीस तारखेच्या दरम्यान जा. तरी नाही म्हणाले तर दोन आठवड्यांची ट्रायल मागा.

हो म्हणाले की त्याच दिवशी ईमेल करा: कोणते दिवस, कोणती वेळ, कोणत्या तारखेपर्यंत. एचआरला कॉपी ठेवा आणि पंचिंगमध्ये त्या दिवसांची शिफ्ट बदलून घ्या. माझं इथंच चुकलं होतं. साहेबांनी तोंडी परवानगी दिली, मशीनला ती कुठून कळणार? महिन्यात बारा 'अर्ली आउट' लागले, दोनाला अर्धा दिवस या हिशेबानं तीन दिवसांचा पगार कापला गेला. दरम्यान साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.