फायनलचा एक मार्क म्हणजे नक्की किती टक्के?

"एम-थ्रीच्या मिडसेमला ३० पैकी १२ पडले. एरवी मला २० तरी पडतात. फायनल १०० मार्कांची आहे, तर तिथे ८ मार्क जास्त काढले की भरपाई होईल ना? फायनलच्या एका मार्काने एकूण टक्के किती वाढतात?"

स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी आली, तेव्हा मी तिला आधी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं पहिलं पान, म्हणजे ज्याला मुलं 'स्ट्रक्चर' म्हणतात ते, मोबाईलवर उघडायला सांगितलं. त्यात एम-थ्रीसमोर लिहिलं होतं: अंतर्गत मूल्यमापन २०, मिडसेम ३०, फायनल ५०. पेपर मात्र १०० मार्कांचा होतो आणि त्याचे ५० केले जातात. मुलं पेपरवरचा १०० चा आकडा बघतात, स्ट्रक्चरमधला ५० बघत नाहीत.

हिशोब एका भागाकाराचा आहे. फायनलचं वजन भागिले पेपरचे एकूण मार्क. इथे ५० भागिले १००, म्हणजे अर्धा. तिने पेपरात एक मार्क जास्त मिळवला तर विषयाच्या एकूण टक्क्यांत अर्ध्याची भर पडते. मिडसेम ३० ची आणि वजनही ३०, म्हणून तिथला एक मार्क पूर्ण एक टक्क्याचा. मिडसेमला गेलेले ८ मार्क भरून काढायला फायनलला १६ हवेत. हे ऐकून तिचा चेहरा पडला, पण परीक्षेच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं. पेपर ५० चाच असता तर एक मार्क एक टक्क्याचा झाला असता. वजन ६० आणि पेपर १०० चा असता तर ०.६ चा. म्हणून दुसऱ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीचा हिशोब आपल्याला लावू नये.

मग तिची खरी गरज काय ते काढलं. अंतर्गतला १५ आणि मिडसेमला १२, मिळून २७. तिला विषयात ६० हवे होते, कारण तिच्या कॉलेजच्या तक्त्यात ६० ला आठ ग्रेड पॉइंट आणि ५९ ला सात. म्हणजे फायनलचे ५० पैकी ३३ हवेत. इथे बरीच मुलं "३३ तर सहज पडतील" म्हणून निवांत होतात. पेपरात त्याचे ६६ होतात.

अर्धा मार्क कुठे जातो, हा प्रश्न मी तिला परीक्षा विभागात विचारून यायला सांगितलं. उत्तर आलं: फायनलचे रूपांतर केलेले मार्क अपूर्णांकात आले तर वरच्या पूर्णांकाला धरतात. त्यामुळे ६४ चे ३२ होतात, ६५ चे साडेबत्तीस आणि तेही ३३ धरले जातात. तिच्यासाठी ६४ आणि ६५ मधला एक मार्क पूर्ण एक टक्का आणि एक ग्रेड पॉइंट मिळवून देणारा होता, तर ६५ चे ६६ झाले असते तरी काहीच हललं नसतं. विषय ३ क्रेडिटचा आणि सेमिस्टर २० क्रेडिटचं, म्हणून त्या एका ग्रेड पॉइंटने एसजीपीए ०.१५ ने वाढतो. सरासरीने अर्धा टक्का खरा. प्रत्यक्षात कधी एक, कधी शून्य.

आणखी एक जागा तिच्या लक्षातच आली नव्हती. एकूण ४० ला पास, म्हणून २७ नंतर फक्त १३ हवेत, पेपरात २५-२६ पुरे, असं वाटू शकतं. पण तिच्याकडे फायनलला स्वतंत्रपणे ४० टक्के लागत होते. पेपरात ३५ पडले असते तर बेरीज ४५ झाली असती आणि ती तरी नापास. तिथला ३९ वरून ४० वर नेणारा मार्क टक्क्यांत मोजण्यात अर्थच नाही.

निकालात तिला ६८ पडले, म्हणजे ३४, आणि विषयात ६१. दोन-चार मार्क वाढतील म्हणून ती पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरणार होती. पुढचा ग्रेड ७० ला. त्यासाठी ५० पैकी ४३ हवेत, म्हणजे पेपरात किमान ८५. फरक १७ मार्कांचा निघाला, तेव्हा तिने अर्ज भरला नाही.