९६ टक्के नेमके कशाचे?

"मॅडम, स्लॉट गेमच्या माहितीत आरटीपी, म्हणजे खेळणाऱ्याला परत मिळणारा वाटा, ९६ टक्के लिहिलंय. मी १० हजार टाकले, ९६०० तरी परत यायला पाहिजे होते ना? सगळे गेले. आता खेळत राहिलो तर राहिलेले निघतील ना?"

अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करणारा मुलगा, नाशिकमध्येच माझ्याकडे आला होता (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मी म्हटलं, आधी मोबाईल काढ आणि बेट हिस्टरी दाखव. एकूण बेट निघाली ८४,००० रुपये! त्याचा विश्वासच बसेना, कारण खिशातून गेले होते १० हजारच. पण जिंकलेले शंभर-दोनशे तो परत लावत होता, २० रुपयांची बेट, असे ४२०० स्पिन, आणि ९६ टक्के हे या लावलेल्या रकमेवर असतात, भरलेल्या पैशावर नाही. म्हणजे ८४,००० वर सरासरीने ३३६० जाणारच होते.

मग वरचे ६६४० कुठे गेले? बघा, स्लॉटमधे त्या ९६ टक्क्यांचा बराच भाग क्वचित लागणाऱ्या मोठ्या विनमधे अडकलेला असतो, तो लागला नाही की हातात ८८ टक्केच येतात, लागला तर ११० पण येतात. ४२०० स्पिनला एवढं वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे, त्यात गेम बिघडलेला असतो असं काही नाही. आकडा ९६ च्या जवळ येऊन टिकतो तो लाखो स्पिननंतर.

"मग लाखो खेळलो तर भरून येईल ना?" इथेच माणूस फसतो, म्हणून मी कागद घेतला. समज अजून १० लाख स्पिन केले, तासाला ६०० धरले तर रोज दोन तास खेळून सव्वादोन वर्षं लागतील, लावलेली रक्कम २ कोटी आणि त्यावर ४ टक्के म्हणजे ८ लाख गेले. आता जुने १० हजार धरून टक्केवारी काढ. ९५.९७. आली की नाही ९६ ला? पण तुझे ६६४० कुणी परत दिले नाहीत, ते २ कोटींच्या ढिगाखाली दिसेनासे झाले इतकंच. प्रत्येक स्पिन नवा असतो, आधी किती हरलास हे त्याला माहीतच नसतं.

तो बराच वेळ ८ लाखावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, बेट ५० ची केली तर लवकर निघेल का? नाही रे, टक्के तेच राहतात, फक्त तासाला ४८० ऐवजी सरासरी १२०० जातात.

आणि हे सगळं ९६ खरे धरून. एकाच गेमची ९४, ९२ वाली व्हर्जन्सपण असतात, कुठली लावायची ते चालवणारा ठरवतो, आणि असल्या अॅपवर ते तपासणार कोण? पुढच्या वेळी त्याला फक्त बँकेचं स्टेटमेंट आणायला सांगितलंय, त्यात किती भरले आणि किती काढले एवढंच बघायचंय.