वीजबिल दिवंगत वडिलांच्या नावावर असताना छतावरील सौर अनुदानाचा अर्ज

प्रश्न: "आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो, महावितरणचं बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, पण ते आता नाहीत. महिन्याला सरासरी २६० युनिट जातात. गच्ची २० बाय २५ फूट आहे, त्यात जिन्याची खोली आणि टाकी. एक विक्रेता ५४० वॅटचे ५ पॅनेल लावून '३ किलोवॅट' देतो म्हणतोय. सूर्यघरच्या अनुदानासाठी अर्ज कसा करू आणि बँक खातं कोणाचं देऊ?"

उत्तर:

आपण अर्ज लगेच भरू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. घराच्या छतावरील सौर यंत्रणेला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेच्या pmsuryaghar.gov.in या संकेतस्थळावर राज्य, वितरण कंपनी आणि ग्राहक क्रमांक दिला की पुढची सारी प्रक्रिया त्या क्रमांकाला जोडली जाते, आणि महावितरणच्या नोंदीत त्या क्रमांकापुढे जे नाव असेल तोच अर्जदार समजला जातो. आज तेथे आपल्या वडिलांचे नाव आहे. अनुदान मात्र अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होते, आणि आपण आपले खाते दिले तर दोन नावे जुळणार नाहीत. आमच्या परिसरातील काही जणांचे अर्ज भरताना मी पाहिले आहे की ही विसंगती सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. पॅनेल बसतात, घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर लागतो, वीजही तयार होऊ लागते, आणि अगदी शेवटी बँकेचा तपशील भरताना गाडी अडते. तोवर विक्रेत्याचे पैसे चुकते झालेले असतात.

म्हणून आधी वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्यावी. हा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा जवळच्या उपविभागीय कार्यालयात करता येतो. वडिलांचा मृत्यू दाखला, घरावरील आपल्या हक्काचा पुरावा आणि इतर वारस असल्यास त्यांची ना हरकत तयार ठेवावी. आई किंवा भावंडे घराच्या मालकीत सहभागी असतील, तर गच्चीच्या वापरासाठीही त्यांची लेखी संमती याच वेळी घेणे सोयीचे. नाव बदलले तरी बारा अंकी ग्राहक क्रमांक तोच राहतो, त्यामुळे नवे नाव छापलेले बिल हातात येईपर्यंत थांबावे आणि त्यावरील स्पेलिंग आधार व बँकेच्या पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. बिलावर आडनाव आधी आणि पासबुकावर शेवटी असेल, किंवा एका ठिकाणी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असेल, तर तेही याच टप्प्यावर दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे आहे.

आता क्षमतेकडे वळू, कारण विक्रेत्याच्या प्रस्तावातील खरी मेख तेथेच आहे. ५४० वॅटचे ५ पॅनेल म्हणजे २,७०० वॅट, अर्थात २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा असला तरी अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल तीच धरली जाते. पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि त्यापुढे ३ किलोवॅटपर्यंतच्या भागासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये असा दर आहे. त्यामुळे आपल्या बाबतीत ६०,००० अधिक ०.७ चे १२,६००, असे ७२,६०० रुपये मिळतील. विक्रेता ७८,००० म्हणत असेल, तर ती रक्कम पूर्ण ३ किलोवॅटची आहे, आणि त्यासाठी याच पॅनेलचे ६ नग लागतील. (३ किलोवॅटच्या पुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी एका घराला ७८,००० रुपयांहून अधिक मिळत नाहीत.)

आपल्याला सहावा पॅनेल हवा का? आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे २.७ किलोवॅटमधून महिन्याला सुमारे ३२० युनिट. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, पण जास्तीचे युनिट पुढील बिलात वळते होत असल्याने वर्षाचा हिशेब महत्त्वाचा. आपला वापर २६० युनिटांचा असेल तर ५ पॅनेल पुरेसे आहेत असे माझे मत आहे, कारण आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण विकत घेत असलेल्या विजेच्या दरापेक्षा खूप कमी असतो. पण मग दरपत्रकावर "२.७ किलोवॅट" असेच लिहून घ्यावे आणि किंमतही तेवढ्याचीच द्यावी.

जागेचा ढोबळ नियम १ किलोवॅटला सावलीविरहित १०० चौरस फूट असा आहे. आपली गच्ची ५०० चौरस फूट. जिन्याची खोली आणि टाकी मिळून शंभरेक फूट वजा केले तरी २७० चौरस फूट मिळायला हवेत. तरीही नुसत्या क्षेत्रफळावर विसंबू नये. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही ८ फूट उंच खोलीची सावली उत्तरेकडे सुमारे ७ फूट पडते, आणि सकाळी व दुपारनंतर ती कितीतरी लांब होते. पॅनेल एका ओळीत जोडलेले असल्याने एकावर सावली आली तरी बाकीच्यांच्या उत्पादनावर परिणाम होऊ शकतो. म्हणून पॅनेल जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेस येतील अशी मांडणी विक्रेत्याकडून कागदावर काढून घ्यावी.

विक्रेता संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीतलाच हवा. यादीबाहेरच्याकडून काम करून घेतल्यास अनुदान मिळत नाही. दुसरी अट पॅनेलची: पॅनेल आणि त्यातील सौर सेल, दोन्ही भारतात बनलेले असणे आवश्यक आहे. नुसते "भारतीय कंपनीचे पॅनेल" हे उत्तर पुरेसे नाही, कारण आयात केलेले सेल येथे जोडूनही पॅनेल तयार होतात आणि ते स्वस्त पडतात. दरपत्रकात पॅनेल डीसीआर प्रकारचे, म्हणजे सेलसह भारतात बनलेले आहेत, असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि माल आल्यावर प्रत्येक पॅनेलच्या मागील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तीही करारात यावी. अनुदान विक्रेत्याला नव्हे तर आपल्याला मिळते, त्यामुळे ठरलेल्या रकमेचा काही भाग नेट मीटर सुरू होईपर्यंत हातात ठेवण्याचा आग्रह धरावा.

अर्जाची मंजुरी हा त्यामानाने सोपा भाग आहे. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट उरलेली नाही, आणि मंजूर भार कमी पडत असेल तर तो वितरण कंपनीच वाढवते.

बँक खाते आपलेच द्यावे. पतसंस्थेतील खाते चालत नाही. रद्द केलेल्या चेकची प्रत जोडताना चेकबुक जुने नाही ना, हे पाहावे. २०१९ आणि २०२० मध्ये अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले आणि त्यांच्या शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले, पण जुनी चेकबुके घरात पडून असतात. पासबुकावरचा आजचा क्रमांक पाहूनच तपशील भरावा. यंत्रणेची पाहणी होऊन ती सुरू झाल्याची नोंद संकेतस्थळावर दिसली की अनुदानाची मागणी नोंदवता येते, आणि कागदपत्रे जुळत असतील तर साधारण महिन्याभरात रक्कम खात्यात येते.