आठ तास टायपिंग आणि दहाची नाणी

"मॅडम, मी रोज आठ तास डेटा एन्ट्री करते, त्यात आकडेच जास्त. दुपारनंतर उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भरून येतो. भाचा म्हणतो मेकॅनिकल कीबोर्ड घे. ऑफिसातले म्हणतात साधा मेंब्रेनच बरा. तीन-साडेतीन हजार घालायचे म्हणजे मला दहा वेळा विचार करावा लागतो. घेऊ का?"

या ताई पिंपरीतल्या एका ऑफिसात हॉस्पिटलची बिलं आणि विम्याचे फॉर्म भरतात. वय बेचाळीस. मी शिक्षणाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बैठं काम करणाऱ्यांना सल्ला देते. कीबोर्डचं बोलण्याआधी मी त्यांना फोनवरच विचारलं, "रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते का? अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात का? हातातून वस्तू निसटते का?" असं होत असेल तर मनगटात नस दबत असू शकते. अशा वेळी आधी डॉक्टरांना हात दाखवायचा, खरेदी नंतर. ताईंना यातलं काही नव्हतं. त्यांचं दुखणं कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला होतं. बोटं उचलून धरणारे स्नायू तिथेच असतात. रविवारी उतरायचं, बुधवारी पुन्हा चढायचं. म्हणजे कामातूनच येणारं. मी म्हटलं, "ऑफिसचा बोर्ड आणि भाच्याचा बोर्ड, दोन्ही पिशवीत घालून घेऊन या."

शनिवारी त्या आल्या. ऑफिसचा बोर्ड परवानगी काढून आणला होता. माझ्या टेबलावर त्यांनी रोजच्यासारखा एक फॉर्म भरायला घेतला आणि मी स्क्रीनकडे न बघता नुसता आवाज ऐकत बसले. प्रत्येक आकडा तळाला आपटत होता. एंटर तर करंगळीने ठोकल्यासारखा. "टायपिंग कुठे शिकलात?" मी विचारलं.

"बारावीनंतर, गावच्या इन्स्टिट्यूटमध्ये. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. मशीनवर."

मला हवं होतं ते कळलं. टायपरायटरवर बोटाच्या जोरानेच खिळा फितीवर आदळतो, जोर कमी पडला की अक्षर पुसट. त्या बोटांना तळापर्यंत मारायची सवय तिथे लागली आणि पुढे मशीन गेलं तरी सवय राहिली.

मग मी ड्रॉवरमधून दहा रुपयांची नाणी काढली. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. खोडरबराचा एक तुकडा कीवर उभा ठेवायचा, म्हणजे नाणं शेजारच्या कीला टेकत नाही, आणि त्यावर एकेक नाणं हलक्या हाताने चढवत जायचं. स्क्रीनवर आकडा उमटला की थांबायचं. ऑफिसच्या मेंब्रेन बोर्डावर पाच हा आकडा आठव्या नाण्याला उमटला. भाच्याच्या मेकॅनिकल बोर्डावर, त्यात रेड जातीचे स्विच होते, सहाव्या नाण्याला. ऑफिसच्या बोर्डाचा एंटर मात्र दहा नाणी घेऊनही हलेना, अकराव्याला खाली गेला. ताई बघतच राहिल्या. दर रकमेनंतर त्या हीच की दाबत होत्या.

आता दोन्हींच्या पोटात काय असतं ते सांगते. मेंब्रेनमध्ये प्रत्येक कीखाली रबराची छोटी घुमटी असते. ती दबून कोसळली की खालचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि आकडा उमटतो. हे सगळं जवळजवळ तळाशी घडतं. म्हणजे की पूर्ण दाबल्याशिवाय गत्यंतर नाही. घुमटी जुनी झाली, धूळ-चहा आत गेला, की जोर वाढतच जातो आणि तो इतका हळूहळू वाढतो की रोज वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच. की एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण आकडा साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतो. उरलेले दोन मिलिमीटर बोटाला जाण्याची गरज नसते.

खरा फायदा या दोन मिलिमीटरचा आहे, नाण्यांचा फरक त्यामानाने किरकोळ. पण हा फायदा आपोआप मिळत नाही. बोट अर्ध्यावर थांबायला शिकलं तरच मिळतो. तळापर्यंत आपटत राहिलं तर मेकॅनिकल बोर्डाचा तळ रबरापेक्षा कडक लागतो. टायपिंग करताना माणूस एरवीही गरजेच्या दुप्पट-तिप्पट जोर लावतो. ताईंचा त्याहून जास्तच असावा.

हिशेब करून बघा. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या बहुतेक डेटा एन्ट्री पदांना ताशी ८,००० की दाबण्याचा वेग मागतात. ताईंचा वेग त्याच्या जवळपासच. चहा-जेवण वजा करून सात तास धरले तर दिवसाला ५६,००० वेळा बोट खाली जातं, आणि आकड्यांच्या कामात ते बहुतेक सगळं एकाच हाताच्या चार बोटांवर येतं.

भाच्याचा बोर्ड त्यांनी आधी तीन दिवस घरी वापरून पाहिला होता. "त्याने तर मनगट जास्तच दुखलं, म्हणून तुम्हाला फोन केला," त्या म्हणाल्या. मी पट्टी लावली. ऑफिसच्या बोर्डाची मधली ओळ टेबलापासून सव्वादोन सेंटिमीटर उंच, भाच्याच्या बोर्डाची पावणेचार. त्यात मागचे दोन्ही पाय उघडलेले. खुर्ची होती तिथेच, त्यामुळे मनगट वरच्या दिशेने मोडलेलं राहायचं आणि त्याच अवस्थेत बोटं चालायची. दोष स्विचचा नव्हता, उंचीचा होता. मेकॅनिकल घेऊन निराश झालेल्या माझ्याकडच्या बऱ्याच जणांचं इथेच चुकलेलं असतं. दुकानात स्विचचा रंग सगळे विचारतात, बोर्डाची जाडी कुणी विचारत नाही.

आम्ही मागचे पाय मिटवले. खुर्ची चार बोटं वर घेतली, तेव्हा ताईंचे पाय जमिनीवरून सुटले, म्हणून खाली कागदाच्या रिमचं खोकं ठेवलं. कोपर काटकोनापेक्षा किंचित उघडा, मनगट हाताच्या सरळ रेषेत. बोर्डासमोर तळव्याला टेकू म्हणून एक पट्टी दिली आणि बजावलं की हात थांबला की टेकवायचा, टाइप करताना नाही. टेकवून टाइप केलं तर मनगटाच्या नेमक्या नाजूक जागेवर दाब येतो. शेवटी अख्खा बोर्ड डावीकडे सरकवला, म्हणजे आकड्यांचा भाग उजव्या खांद्याच्या समोर आला. एरवी अक्षरं छातीसमोर ठेवण्याच्या सवयीने आकडे पार बाजूला जातात आणि हात दिवसभर बाहेर फाकलेला राहतो.

एवढं केल्यावर मी त्यांना सांगितलं, घ्या. पण रेड नको, ब्राऊन स्विचचा घ्या. रेड सरळ खाली जातो, मध्ये काही जाणवत नाही. बोट चुकून जरासं दबलं तरी आकडा उमटतो, आणि रकमेत चुकून आलेला आकडा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. ब्राऊनला साधारण एक नाणं जास्त लागतं, पण अर्ध्या वाटेत बोटाला बारीक उंचवटा लागतो. इथे थांब, असं तो बोटाला सांगतो, आणि टायपरायटरवर शिकलेल्या हाताला नेमकी हीच खूण हवी असते. ब्लूमध्येही खूण आहे, पण टकटक इतकी की वीस जणांच्या हॉलमध्ये शेजारी दोन दिवसांत तक्रार करतील. आणि नंबरपॅड असलेलाच बोर्ड घ्या, आखूड बोर्ड तुमच्या कामाचा नाही. पैसे देण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा, कारण विम्याची माहिती हाताळणाऱ्या ऑफिसात बाहेरचं काही जोडायला बऱ्याचदा बंदी असते.

एक धोका मी मुद्दाम सांगून ठेवला. मेंब्रेनची की बिघडते तेव्हा जड होते किंवा उमटतच नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते. मेकॅनिकल स्विच झिजला किंवा आत कचरा गेला की एका दाबण्यात दोनदा उमटू शकतो. ५०० चे ५,५०० होतात. सोमवारी कामाला बसण्यापूर्वी कोऱ्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा वीस-वीस वेळा सावकाश दाबायचा आणि मोजायचा. एकवीस भरले तर तो स्विच बदलायचा. स्विच उपटून बदलता येतो असा बोर्ड घेतला, तर सुटा स्विच स्वस्तात मिळतो आणि काम पाच मिनिटांचं.

नव्या बोर्डावरचा पहिला आठवडा त्यांना जड गेला. वेग ताशी ८,२०० वरून ७,००० वर आला आणि सुपरवायझरने विचारणा केली. मी सांगितलं होतं की रोज सकाळची पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू आणि आवाज न करता टाइप करायचं, बाकी वेळ विचार करायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात वेग ८,००० च्या पुढे गेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही आज काम करताय की नाही, आवाजच येत नाही."

सोबत दर तासाला पाच मिनिटं उठायचं, हेही ठरलं होतं. सुपरवायझर ऐकेना तेव्हा मी त्यांच्याशी बोलले. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने डेटा एन्ट्री करणाऱ्यांवरच हा प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज दिवसात पाच-पाच मिनिटांच्या चार विश्रांती दिल्या. हातांचा आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला आणि वीस मिनिटं जाऊनही काम घटलं नाही. सुपरवायझरांनी महिनाभर करून बघायचं कबूल केलं.

दीड महिन्याने ताई आल्या तेव्हा हात बुधवारी दुखत नव्हता. महिनाअखेरीला, दोन दिवस उशिरापर्यंत बसल्यावर, अजून भरून येतो. तेवढं कुठलाही बोर्ड थांबवणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांच्यासोबत ती शेजारच्या टेबलावरची मुलगीही आली होती, मेकॅनिकलचे पैसे पर्समध्ये घेऊन. उंची बेताची, टेबल भिंतीला ठोकलेलं, खुर्ची वर घ्यायची कळ बिघडलेली. मी तिचा हात धरून मनगट बघितलं, ते आधीच वर मोडलेलं होतं. बोटं मात्र हलकी पडत होती, ती संगणकावरच टायपिंग शिकलेली. तिला मी मेकॅनिकल घेऊ दिला नाही. पावणेचार सेंटिमीटर उंचीचा बोर्ड तिच्या टेबलावर तिला दुखणंच देणार होता. सहा-सातशे रुपयांत नवा, पातळ मेंब्रेन बोर्ड घे म्हटलं, बोर्डाचे मागचे पाय न उघडता वापर, आणि आधी खुर्चीच्या कळीसाठी अर्ज दे. चार दिवसांनी तिचा फोन आला. नव्या बोर्डावर तिने घरीच नाणी लावून बघितली होती. एंटर आठव्या नाण्याला खाली गेला.