कोळशाच्या खाणीत एवढे मोठे पंखे असतात, तरी मिथेनचा स्फोट होतोच कसा? आणि ब्लॅकडॅम्प म्हणजे तोच गॅस का?

मोठा पंखा असतो खाणीच्या तोंडाशी आणि गॅस सुटतो पार आत, ताज्या फुटलेल्या कोळशातून. मधल्या वाटेत हवा कुठे गळते, कुठे अडते हे रोज चालत जाऊन कोणी बघत नसेल, तर वरचा पंखा कितीही मोठा असला तरी काही उपयोग नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, विट्याकडचा. नोकरी सगळी चंद्रपूर-वणी भागातल्या भूमिगत खाणींत झाली, शेवटची बरीच वर्षं ओव्हरमन म्हणून, म्हणजे पाळीत खाली माणसांवर आणि सुरक्षिततेवर देखरेख करणारा. तुमच्यासारखंच आमच्या खाणीतले एक असिस्टंट मॅनेजर बोलायचे. ‘पंखा चालू आहे ना? मग गॅस कुठून येणार?’ त्यांच्याशी माझा या एका गोष्टीवरून कडाक्याचा वाद झाला होता, तो इथे सांगतो. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

आमची खाण पहिल्या डिग्रीची, म्हणजे नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी गॅसची. एका बाजूला चढाची गॅलरी, म्हणजे कोळशातून वर चढत जाणारा बोगदा, काढायचं काम चालू होतं. ती अजून पुढच्या गॅलरीला मिळालेली नव्हती, म्हणजे एका टोकाला बंदच. अशा जागी मोठ्या पंख्याची हवा आपोआप जात नाही. बाहेरच्या चालत्या हवेत एक छोटा फॅन ठेवायचा आणि डक्ट लावून ती हवा पार फेसपर्यंत, म्हणजे कोळसा फोडतात त्या टोकापर्यंत न्यायची. एका रात्रपाळीला या छोट्या फॅनची केबल गेली. वरचा मोठा पंखा मात्र झकास चालू होता. मी माणसं लगेच बाहेर घेतली, तोंडाशी आडवी बल्ली लावून वाट बंद केली आणि आतली वीज तोडायला लावली. केबल दुरुस्त व्हायला तीन तासांवर गेले.

आता हिशेब बघा. आकडे सोपे धरतो. गॅलरी 4 मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि 30 मीटर लांब, म्हणजे आत 300 घनमीटर हवा. मिनिटाला फक्त पाव घनमीटर मिथेन सुटतोय असं समजा. फॅन चालू असताना मिनिटाला 33-34 घनमीटर हवा फेसवर पोहोचली तरी परतीच्या हवेत मिथेन पाऊण टक्क्यात राहतो, आणि नियमाची मर्यादा तेवढीच आहे. फॅन बंद पडला की तासाभरात 15 घनमीटर गॅस साठतो, म्हणजे 5 टक्के. स्फोटाची खालची हद्द हीच. दोन तासांनी 10 टक्के, आणि साडेनऊ-दहाच्या आसपासच स्फोट सगळ्यांत जोराचा होतो. तीन तासांनी 15 टक्के, ही वरची हद्द. त्याच्या पुढे गॅसच इतका होतो की पेटायला ऑक्सिजन पुरत नाही.

इथेच लोक फसतात. आत पंधराच्या वर गॅस आहे आणि तुम्ही फॅन एकदम पूर्ण सुरू केलात, तर तो सगळा गॅस ताज्या हवेत मिसळत बारा, दहा, सात असा खाली उतरतो, म्हणजे स्फोटाच्या पट्ट्यातूनच जातो. आणि तोही मुख्य गॅलरीत ढकलला जातो, जिथे माणसं आहेत आणि विजेचे स्विच आहेत.

केबल जोडून झाली तेव्हा मी बत्ती घेऊन तोंडाशी गेलो. बत्ती म्हणजे ज्योतीचा सेफ्टी लॅम्प. वात इतकी खाली करायची की पिवळी ज्योत जेमतेम उरते, मग बत्ती हळूहळू छताकडे न्यायची. मिथेन हवेच्या निम्म्याच वजनाचा, त्यामुळे तो आधी छताला लागतो, आणि चढाच्या गॅलरीत तर वरच्या टोकाला जाऊन बसतो. गुडघ्याशी, छातीशी ज्योत साधी होती. छताजवळ नेली तशी तिच्यावर फिकट निळी त्रिकोणी टोपी चढली. अशी टोपी स्पष्ट दिसली म्हणजे अडीच-तीन टक्के आहेच, आणि हे नुसत्या तोंडाशी. सव्वा टक्क्याला माणसं बाहेर काढायचा नियम आहे. बत्ती हिसका न देता सावकाश खाली घेतली आणि मागे आलो.

साहेबांचं म्हणणं एकच, ‘पहिल्या डिग्रीची खाण आहे, फॅन लावा आणि लोडिंग सुरू करा.’ मी नाही म्हणालो. रिपोर्ट बुकात वेळेसकट लिहिलं आणि माझ्या पद्धतीने गॅस काढला. परतीच्या वाटेवरची माणसं हलवली, तिथली वीज बंद ठेवली. फॅनजवळचा डक्टचा सांधा उघडून बहुतेक हवा बाहेरच सोडली, थोडीच आत जाऊ दिली. गॅस जिथे मुख्य हवेत मिसळतो त्याच्या पुढे सतत तपासत राहायचं आणि टक्केवारी सव्वाच्या आत राहील तसा सांधा थोडा थोडा बंद करत न्यायचा. याला वेळ लागतो. ती पाळी कोळशाविना गेली आणि खापर माझ्यावर फुटलं.

पहिली डिग्री म्हणजे गॅस नाही, असं नव्हे. ती साऱ्या खाणीच्या हवेवरून ठरते. त्या खाणीतल्या एका बंद गॅलरीला हा हिशेब लागू करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग सांगणारा कितीही शिकलेला असो. तुम्ही मायनिंगचा डिप्लोमा करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की फॅन सुरू करायचा हुकूम तोंडी आला, तर आपलं म्हणणं लेखी नोंदवायचं. तोंडी हुकूम देणारा चौकशीत सापडत नाही.

ब्लॅकडॅम्प वेगळा. तो पेटत नाही. जुन्या बंद कामांत कोळसा आणि लाकूड हवेतला ऑक्सिजन खातात, मागे राहतो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. तो बहुधा जड असतो, उताराच्या टोकाला तळाशी बसतो. बाहेर हवेचा दाब उतरला की जुन्या कामांतून बाहेर पाझरतो. ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आला की बत्ती विझते आणि माणूस तेव्हा अजून पायावर उभा असतो, म्हणून वेळेत मागे फिरता येतं. आपल्याकडे आटपाडी-जतच्या बाजूला बरेच दिवस न वापरलेल्या विहिरीत उतरणारा गुदमरतो, त्यामागेही बऱ्याचदा ऑक्सिजनची हीच कमतरता असते.

दोन गोष्टी राहिल्या. वरचा हिशेब गॅस सगळीकडे सारखा मिसळला असं धरून केलाय. प्रत्यक्षात छताजवळ 5 टक्के तासाभराच्या खूप आधी होतात, त्यामुळे ‘अजून तास झाला नाही’ म्हणून आत जायचं नाही. आणि मोठी जीवितहानी एकट्या मिथेनने होते असं नाही. गॅसच्या छोट्या स्फोटाने खाली पडलेली कोळशाची धूळ उडते आणि तीच पुढे पेटत जाते. 28 मे 1965 ला आताच्या झारखंडमधल्या धोरीच्या खाणीत 268 माणसं गेली, तो धुळीचाच स्फोट होता. धुळीवर व्हेंटिलेशन चालत नाही, तिथे दगडाची भुकटी आणि पाणीच मारावं लागतं.

विहिरीचं म्हणाल तर दिवा सोडून बघणं अर्धाच उपाय आहे. विहिरीत डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्यात दिवा नीट जळतो आणि माणूस मरतो. पहिला पडला म्हणून त्याच्यामागे दुसऱ्याने उतरायचं नाही. आधी ब्लोअरने पाइपमधून तळापर्यंत हवा सोडायची, आणि जो उतरेल त्याच्या कमरेला दोर बांधून वर दोघांनी तो धरायचा.